पोटावर पाय कोणी दिला? वाक्प्रचारांच्या भाषांतराची गोष्ट

२००६ सालची गोष्ट आहे. आम्ही तेव्हा नोकरीत नवे होतो. रात्रीच्या कॉलेजातून बी.कॉम. झालेलो, टायपिंगची परीक्षा पास झालेलो, आणि वस्तीत "इंग्रजी अर्ज लिहून देणारा पोरगा" म्हणून थोडेफार नाव झालेले. एके दिवशी संध्याकाळी वस्तीतल्या चौदा जणी आमच्या दारात आल्या. एका मोठ्या कचेरीत त्या कंत्राटावर झाडूकाम करीत होत्या. कंत्राटदार बदलला होता. जुन्या साहेबांनी "नवीन कंत्राटदार तुम्हालाच ठेवील" असा शब्द दिला होता. पण नव्या कंत्राटदाराने आपली माणसे आणली आणि या चौदाही जणी घरी बसल्या. आता कचेरीत नवे साहेब आले होते. ते तमिळनाडूकडचे. त्यांना मराठी येत नव्हते, म्हणून अर्ज इंग्रजीत हवा होता.

त्यांच्यातली वयाने मोठी एक मावशी बोलत होती आणि आम्ही लिहून घेत होतो. ती म्हणाली, "दादा, असं लिही. आमचं हातावर पोट आहे. पहिल्या सायबानं शब्द दिला आन् आमच्या तोंडाला पानं पुसली. आता तुमी तरी आमच्या पोटावर पाय देऊ नका."

तीन वाक्यांत मावशीने सगळे सांगून टाकले होते. एकही शब्द जास्त नाही, एकही कमी नाही. आम्हाला वाटले, बाईचे बोलणे इतके नेमके आहे तर आपण कशाला त्यात हात घालायचा? जसेच्या तसे इंग्रजीत उतरवू. आणि आम्ही लिहिले: "अवर स्टमक इज ऑन अवर हँड. द फॉर्मर ऑफिसर वाइप्ड लीव्ह्ज ऑन अवर माउथ. प्लीज डू नॉट पुट युवर फूट ऑन अवर स्टमक."

व्याकरणाची एकही चूक नव्हती. कर्ता, कर्म, क्रियापद सगळे जागच्या जागी होते. पण साहेबांनी अर्ज वाचला आणि विचारले, कोणी कोणाच्या पोटात लाथ मारली? कोणत्या अधिकाऱ्याने बायकांच्या तोंडाला हात लावला? हा प्रकार गंभीर दिसतो. त्यांनी अर्ज चौकशीसाठी सुरक्षा विभागाकडे पाठवला. चौदा जणींना एकेकीला बोलावून "कधी मारले, कुठे मारले, साक्षीदार कोण" असे विचारण्यात आले. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "आम्हाला कुणी मारलं नाही." मग शेरा पडला की तक्रारीत तथ्य नाही. यात आठ दिवस गेले. कामाचा विषय राहिला बाजूला आणि चौदा जणी खोटे बोलतात असा समज मात्र झाला.

चूक त्यांची नव्हती. चूक आमची होती. ती कोणती आणि ती कशी टाळावी, एवढेच आज वाचकांना सांगायचे आहे. कारण आपल्या घरोघरी आता कोणी ना कोणी अर्ज लिहितो, मुले इंग्रजीचा धडा मराठीत समजून घेतात, मंडळाचे कार्यकर्ते हिंदी पत्रक मराठीत करतात. आम्ही केली ती चूक सगळ्यांच्याच हातून होऊ शकते.

शब्द तीन, पण अर्थ एक

"पोटावर पाय देणे" यात पोट आहे, पाय आहे आणि देणे आहे. पण आपण हे बोलतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर पोटही येत नाही आणि पायही येत नाही. रोजी हिरावून घेणे, एवढा एकच अर्थ मनात येतो. म्हणजे दिसायला हे तीन शब्द असले तरी कामाला तो एकच शब्द आहे. "तोंडाला पाने पुसणे" हा वाक्प्रचार कोठून आला, कसली पाने, कोणी पुसली, हे तो वापरणाऱ्या शंभरातल्या नव्वद जणांना सांगता येणार नाही. तरी "आश्वासन देऊन फसवले" हा अर्थ शंभरही जणांना कळतो.

आता या एका शब्दाचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याचे भाषांतर केले तर काय होईल? समजा कोणी "पाणपोई" या शब्दाचे भाषांतर करताना "पाणी" वेगळे आणि "पोई" वेगळे करून बसला, तर तो हाती काही लागेपर्यंत तहानेने मरेल. वाक्प्रचाराचे तसेच आहे. तुकडे केले की अर्थ निसटतो. आणि नुसता निसटून थांबत नाही. तुकड्यांचा आपला असा दुसराच अर्थ उभा राहतो. साहेबांना आमचा अर्ज कळला नाही असे झाले नाही. त्यांना तो कळला, पण भलताच कळला. न कळणारे भाषांतर बरे, कारण वाचणारा निदान विचारतो. भलते कळणारे भाषांतर वाईट, कारण वाचणारा विचारतच नाही, तो सरळ शेरा मारतो.

दोन्हीकडे पाय, पण चाल वेगळी

याहून फसवा प्रकार दुसरा आहे. दोन भाषांत शब्दाला शब्द जुळणारे वाक्प्रचार असतात आणि अर्थ मात्र निराळे असतात.

आमच्या विहारात रविवारी सकाळी मुलांचा अभ्यासवर्ग असतो. तेथे आठवीतल्या एका मुलाने इंग्रजी उताऱ्याचे मराठी करून आणले. मूळ वाक्य होते, "माय फ्रेंड्स वेअर पुलिंग माय लेग." त्याने लिहिले, "माझे मित्र माझे पाय ओढत होते." आम्ही विचारले, "बाळ, हे मित्र कसे आहेत रे? चांगले की वाईट?" तो म्हणाला, "वाईट, काका. तो पुढं चाललाय आन् ते त्याला मागं खेचतायत." आता पाहा, मराठी वाक्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष अगदी बरोबर होता. आपल्याकडे पाय ओढणे म्हणजे पुढे जाणाऱ्याला मागे खेचणे. समाजाच्या बैठकीत हे वाक्य आपण किती वेळा ऐकतो! पण इंग्रजीत लेग पुल करणे म्हणजे गंमत करणे, खोटेच काही सांगून क्षणभर फसवणे आणि मग हसणे. त्याला मराठीत "फिरकी घेणे" म्हणतात. "माझे मित्र माझी फिरकी घेत होते" असे म्हटले की मित्र पुन्हा मित्र होतात. एका वाक्प्रचाराने उताऱ्यातल्या तीन चांगल्या पोरांना शत्रू करून ठेवले होते.

इंग्रजीतले "कोल्ड फीट" असेच. शब्दशः पाय थंड पडणे. आपल्या घरात आजारी माणसाचे पाय थंड पडले म्हटले की बायका रडायला लागतात. इंग्रजीत मात्र त्याचा अर्थ आयत्या वेळी धीर सुटणे, म्हणजे आपण म्हणतो तसे "ऐनवेळी कच खाणे". लग्नाच्या आदल्या दिवशी नवरदेवाला कोल्ड फीट आले याचे "पाय थंड पडले" असे भाषांतर केले तर वऱ्हाडाने हळदीची तयारी करावी की तिरडीची?

हिंदी तर आपल्या शेजारची, लिपीही तीच. तेथे आपण अधिकच गाफील राहतो. हिंदीत म्हणतात, "त्योहार में दुकानदारों की पौ बारह." एका कार्यकर्त्याने त्याचे मराठी केले, "सणात दुकानदारांनी पोबारा केला." वाचणाऱ्याला वाटले, दुकानदार पळून गेले! दोन्ही वाक्प्रचार फाशांच्या एकाच दानावरून आलेले आहेत. पण हिंदीत "पौ बारह" म्हणजे मोठा लाभ होणे आणि मराठीत "पोबारा करणे" म्हणजे पळ काढणे. एकाच दानाने हिंदीतला माणूस जिंकला आणि मराठीतला पळाला. येथे मराठीत हवे होते "दुकानदारांची चांदी झाली".

म्हणून आम्ही मुलांना एक खूण सांगतो. भाषांतर करताना ज्या ठिकाणी शब्द अगदी सहज जुळले, ज्या ठिकाणी डोके खाजवावे लागले नाही, आणि वाक्यात हात, पाय, डोळा, तोंड, पोट असा एखादा अवयव आहे, त्या ठिकाणी थांबावे आणि पुन्हा तपासावे. दुसरी खूण म्हणजे वाक्याचा सरळ अर्थ त्या प्रसंगात बसत नाही. चांगल्या मित्रांच्या गोष्टीत मध्येच पाय ओढणारे मित्र आले, तर वाक्प्रचार फसला असे समजावे.

मग करायचे काय?

आमच्या त्या अर्जाची गोष्ट पुढे सांगतो, म्हणजे रीत आपोआप कळेल. आठ दिवसांनी मावशी पुन्हा आली. रागावली नव्हती, पण तिचे तोंड उतरले होते. ती एवढेच म्हणाली, "दादा, मी बोलले ते तू लिहिलंस ना रे?" आम्ही काय सांगणार? लिहिले होते तर सगळेच.

आमच्या कचेरीत एक हेडक्लार्क होते, निवृत्तीला आलेले. आम्ही त्यांना भाऊ म्हणत असू. आम्ही त्यांच्यापुढे अर्जाची नक्कल ठेवली. त्यांनी ती वाचली आणि चष्मा काढून म्हणाले, "अरे, तू बाईचे शब्द नेलेस आणि बाईला इथेच ठेवून गेलास. आता एक काम कर. इंग्रजी विसर. बाईला काय म्हणायचे आहे ते वाक्प्रचार न वापरता साध्या मराठीत लिही."

ही पहिली पायरी. ती आपण सगळेच गाळतो. एका भाषेतल्या वाक्प्रचारावरून सरळ दुसऱ्या भाषेतल्या वाक्प्रचारावर उडी मारायला जातो आणि मध्येच पडतो. मध्ये साध्या अर्थाचा दगड ठेवावा, त्यावर पाय देऊन पलीकडे जावे. आम्ही लिहिले: "आम्ही रोज काम करतो तेव्हा रोज खातो. जुन्या साहेबांनी कामावर ठेवू असे सांगितले आणि ठेवले नाही. तुम्ही आमची रोजी काढून घेऊ नका."

भाऊंनी विचारले, "आता सांग, कोण कोणाला बोलते आहे? भांडते आहे, टोमणा मारते आहे की विनंती करते आहे?"

ही दुसरी पायरी. तोच वाक्प्रचार माणूस बदलला की वेगळा बसतो. इंग्रजीत "ब्रेक द आइस" म्हणतात. बर्फ फोडणे म्हटले तर आपल्या डोळ्यांसमोर गोळेवालाच येईल. पण साधा अर्थ काढला तरी पुरत नाही, प्रसंग पाहावा लागतो. दोन अनोळखी माणसे गप्प बसली आहेत आणि एकाने विषय काढला, तर "संकोच मोडला" म्हणावे. कामगार आणि मालक यांची बोलणी अडली आहेत आणि एकाने पुढाकार घेतला, तर "कोंडी फोडली" म्हणावे. इंग्रजीत वाक्प्रचार एक, मराठीत दोन, आणि कोणता घ्यायचा हे कोशात सापडत नाही, प्रसंगात सापडते. मावशीचा प्रसंग विनंतीचा होता. गरीब कामगार बाई मोठ्या अधिकाऱ्याला लिहीत होती. भाषा सरळ हवी होती, त्यात चेष्टेची छटा चालणार नव्हती.

तिसरी पायरी म्हणजे त्या भाषेतले लोक याच प्रसंगी काय बोलतात याचा शोध. आपले शब्द त्यांच्याकडे आहेत का हे पाहू नये. आपले काम त्यांच्याकडे कोणता शब्द करतो हे पाहावे. भाऊंनी एकेक वाक्य घेतले.

"पोटावर पाय देऊ नका." इंग्रज माणसाच्या पोटावर कोणी पाय देत नाही, त्याच्या तोंडातली भाकरी काढून घेतात: "टेक द ब्रेड आउट ऑफ समवन्स माउथ." पोट गेले, पाय गेला, त्या जागी तोंड आले, पाव आला. एकही शब्द जुळत नाही. पण अर्थ तोच, गरज तीच आणि विनंतीचा सूरही तोच. हा झाला पूर्ण जुळणारा वाक्प्रचार. असा मिळाला तर निःशंक घ्यावा.

"आमचं हातावर पोट आहे." इंग्रजीत "लिव्ह फ्रॉम हँड टू माउथ" असे आहे. हात दोन्हीकडे आहे, पोटाच्या जागी तोंड आहे. आम्ही खूश झालो. भाऊ म्हणाले, "थांब. नीट बघ. इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ एवढाच की मिळते ते लगेच संपते, शिल्लक राहत नाही. मराठीत आणखी एक गोष्ट आहे, हात. कष्ट करून रोजच्या रोज मिळवणे. हे चौदा जणींच्या बाजूने बोलणारे आहे. ते गेले तर नुसते दारिद्र्य उरेल." म्हणून त्यांनी वाक्प्रचार ठेवला आणि सुटलेला भाग साध्या शब्दांत शेजारी जोडला: आम्ही रोजंदारीवर काम करणाऱ्या कामगार आहोत. हा झाला अर्धवट जुळणारा वाक्प्रचार. तो घ्यावा, पण जे राहून गेले ते शेजारी साध्या शब्दांत लिहावे.

"तोंडाला पानं पुसली." येथे भाऊ बराच वेळ विचार करीत राहिले. मग म्हणाले, "इंग्रजीत 'लेड अप द गार्डन पाथ' असे काहीतरी आहे, फसवून बागेच्या वाटेने नेले असे. पण ते हलकेफुलके वाटते. साहेबाला अर्जात कसे लिहायचे? शिवाय जुन्या साहेबाने मुद्दाम फसवले असा आरोप होईल, तो सिद्ध कोण करणार? मावशी रागात बोलली, घरात बोलली. कागदावर सरळ लिही, शब्द दिला होता, तो पाळला गेला नाही." हा झाला न जुळणारा वाक्प्रचार. त्याची जागा साध्या वाक्याने घ्यावी. वाक्प्रचाराच्या जागी वाक्प्रचारच आला पाहिजे असा कायदा नाही. ओढूनताणून बसवलेल्या वाक्प्रचारापेक्षा स्वच्छ वाक्य केव्हाही चांगले.

शेवटी अर्ज असा झाला: "वी आर डेली-वेज वर्कर्स अँड लिव्ह फ्रॉम हँड टू माउथ. वी वेअर प्रॉमिस्ड दॅट द न्यू काँट्रॅक्टर वुड कीप अस. द प्रॉमिस हॅज नॉट बीन केप्ट. प्लीज डू नॉट टेक द ब्रेड आउट ऑफ अवर माउथ्स."

चौथी पायरीही भाऊंनीच शिकवली. त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या, या भानगडीची काहीच माहिती नसलेल्या एका टायपिस्ट बाईंना अर्ज वाचायला दिला आणि विचारले, "बाई, काय मागणी आहे सांगा." त्यांनी बिनचूक सांगितले. आम्ही पहिला अर्ज असा कोणाला दाखवला असता तर आठ दिवस वाचले असते. आपले भाषांतर आपल्याला नेहमीच कळते, कारण मूळ वाक्य आपल्या डोक्यात असते. ज्याने मूळ वाचलेले नाही त्याला दाखवावे आणि "कळले का?" असे न विचारता "काय कळले?" असे विचारावे.

दुसऱ्या अर्जावर साहेबांनी बैठक बोलावली. नऊ जणींना काम परत मिळाले, पाच जणींना मिळाले नाही. अर्जाच्या भाषेनेच काम झाले असे आम्ही म्हणणार नाही, त्यामागे चौदाही जणींनी दारात धरलेला ठिय्या होता. पण या वेळी चर्चा लाथेवर झाली नाही, कामावर झाली.

जे शब्दशः येऊनही टिकले

येथे कोणी वाचक विचारील, मग "हिरवा कंदील दाखवला" हे काय आहे? तेही इंग्रजीवरूनच आलेले ना? खरे आहे. इंग्रजीतला ग्रीन लाइट किंवा ग्रीन सिग्नल आपण मराठीत आणला आणि तो पक्का रुजला. "मगरीचे अश्रू" असेच आले, "पांढरा हत्ती पोसणे" असेच आले.

पण का रुजले ते पाहा. रेल्वेच्या गार्डच्या हातातला हिरवा कंदील आपल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलेला होता. कंदील हलला की गाडी सुटते हे सांगायला कोणी मास्तर लागत नव्हता. आणि लक्षात घ्या, आपण इंग्रजी शब्दही जसाच्या तसा घेतला नाही. तिकडे दिवा होता, इकडे कंदील झाला. हत्ती पोसायला किती लागते हेही आपल्याला ठाऊक होते. ज्या चित्राचा अर्थ येथल्या माणसाला न सांगता लागतो ते चित्र परक्या भाषेतून आले तरी चालते. बर्फ फोडून ओळख होते हे मात्र चाळीतल्या माणसाला सांगूनही पटत नाही. म्हणून नवा वाक्प्रचार शब्दशः आणावासा वाटला तर एवढेच विचारावे की हे चित्र आपल्या आईला पहिल्यांदा ऐकून कळेल का? कळणार असेल तर आणावे.

अर्थ जुळतो, पण घाव बसतो

आता शेवटचा आणि आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. समान अर्थाचा वाक्प्रचार शोधायचा म्हणजे कोणताही सापडला की लावायचा असे नाही.

अभ्यासवर्गातल्या एका मुलीने इंग्रजी म्हणींना मराठी म्हणी जुळवण्याचा तक्ता आणला होता. कोठल्याशा जुन्या मार्गदर्शक पुस्तकातून तिने तो उतरवला होता. "देअर इज अ ब्लॅक शीप इन एव्हरी फ्लॉक", म्हणजे प्रत्येक कळपात एखादे काळे मेंढरू असते, यापुढे लिहिले होते: "गाव तिथे महारवाडा."

मुलीला त्यात काही वावगे वाटले नाही. तिने पाठ केले होते. पण आम्ही ते वाचले आणि आमचा हात थांबला. म्हणीचा अर्थ काय? प्रत्येक चांगल्या ठिकाणी काहीतरी वाईट असतेच. आणि ते वाईट कोण? आम्ही. आमचे आजोबा ज्या वाड्यात जन्मले तो वाडा. इंग्रजीत एक मेंढरू होते, मराठीत एक अख्खी वस्ती झाली. मूळ वाक्याने जो अपमान केला नव्हता तो भाषांतराने केला.

येथे भाषांतर म्हणूनही ते चुकलेलेच आहे. अर्थ जुळणे म्हणजे मुख्य अर्थ जुळणे आणि सोबत नको ते न येणे. इंग्रजीतल्या वाक्यात एखाद्या बिघडलेल्या माणसाबद्दल बोलायचे आहे. त्यासाठी मराठीत "पाची बोटे सारखी नसतात" असे म्हणता येते. एका बिघडलेल्याने सगळ्यांना बिघडवले असे सांगायचे असेल तर "एक नासका आंबा सगळी आढी नासवतो" असे म्हणता येते. मराठी काही इतकी दरिद्री नाही की आम्हाला शिवी दिल्यावाचून तिला बोलताच येऊ नये.

पण उलट बाजूही सांगितली पाहिजे. समजा एखाद्या मराठी कादंबरीतला पाटील रागाने हीच म्हण बोलतो आणि ती कादंबरी इंग्रजीत न्यायची आहे. तेथे भाषांतर करणाऱ्याने "ब्लॅक शीप" लिहून सुटका करून घेऊ नये. तेथे घाव मूळ वाक्यातच आहे, तो लेखकाने मुद्दाम दाखवला आहे. तेथे महारवाडा महारवाडाच ठेवला पाहिजे. नाहीतर पाटील उगाचच सज्जन ठरेल आणि इंग्रजी वाचकाला आपल्या गावाचे खरे रूप कळणार नाही. मूळ वाक्यात नसलेला घाव घालू नये आणि मूळ वाक्यात असलेला घाव झाकू नये.

असाच एक लहान धोका आणखी आहे. इंग्लंडातल्या शेतकऱ्याच्या तोंडी "एकदाचे गंगेत घोडे न्हाले" घातले तर वाचकाला वाटेल, हा काशीला केव्हा जाऊन आला? परक्या माणसाच्या तोंडी आपली नदी, आपला देव, आपला सण असलेली म्हण घालू नये. तेथे "एकदाचे काम तडीस गेले" एवढे पुरे.

घरी बसून करता येईल असे

यासाठी महागडी पुस्तके घ्यावी लागत नाहीत. मोल्सवर्थ साहेबांच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ सालची दुसरी आवृत्ती आज इंटरनेटवर फुकट पाहता येते. त्यात पोट, पाय, हात, तोंड अशा शब्दांखाली त्यांचे वाक्प्रचार आणि त्यांचा इंग्रजी अर्थ दिलेला आहे. दाते आणि कर्वे यांचा "महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश" १९४० च्या दशकात दोन भागांत निघाला. तो मोठ्या वाचनालयात असतो. या दोन्ही कोशांत अर्थ चांगला मिळतो, पण ते जुने आहेत. त्यांतला प्रत्येक वाक्प्रचार आज चालतो असे नाही, आणि त्या काळच्या समाजाचा मळही त्यांत आहे. अर्थ तेथून घ्यावा, निवड आपण करावी.

सर्वांत चांगला कोश मात्र घरातच असतो. आम्ही अभ्यासवर्गातल्या मुलांना सांगितले आहे की घरी आई, आजी, आत्या बोलताना जे वाक्प्रचार कानावर पडतील ते वहीत टिपून ठेवा. डावीकडे वाक्प्रचार, मध्ये त्याचा साधा अर्थ, उजवीकडे तो कोण कोणाला कधी बोलले. इंग्रजीचा रकाना सध्या रिकामा ठेवा, तो पुढे भरेल. एका मुलीच्या वहीत दोन महिन्यांत साठाच्या वर वाक्प्रचार झाले आणि त्यांतले निम्मे एकट्या आजीचे आहेत.

ती मावशी आता थकली आहे, मुलाकडे असते. परवा भेटली तेव्हा आम्ही तिला सांगितले की तुमच्या त्या अर्जावर आम्ही लेख लिहितो आहोत. ती हसली आणि म्हणाली, "लिही बाबा. पण या टायमाला मी काय म्हणाले ते लिही, नुसतं मी बोलले ते नको."